आयईएलटीएस टास्क २: मत मांडायचा निबंध, चार परिच्छेद आणि चाळीस मिनिटं

मानसी_दांडियाबाजार

नमस्कार मंडळी. मी बडोद्याची. फिजिओथेरपीचं शिक्षण झालंय आणि परदेशात नोंदणी करायची म्हणून आयईएलटीएस अ‍ॅकॅडेमिक देणार आहे. रायटिंगमध्ये ७ बँड हवेत. रीडिंग-लिसनिंगची काळजी नाही, अडतं ते टास्क २ मध्ये, आणि तेही मत विचारणाऱ्या निबंधात. 'तुम्ही कितपत सहमत आहात?' या प्रकारात.

चार परिच्छेद लिहायचे हे पक्कं आहे: प्रस्तावना, मधले दोन, समारोप. पहिला मधला परिच्छेद छान होतो. दुसऱ्यात दोन-तीन वाक्यांनंतर लिहायला काही उरत नाही. मग मी तेच फिरवून फिरवून लिहीत बसते, घड्याळ पुढे जातं आणि समारोप एका ओळीत उरकावा लागतो.

सरावासाठी क्लासमध्ये हा विषय मिळाला होता: शहरातली वाहतूक सुधारण्यासाठी सरकारने नवे उड्डाणपूल बांधण्याऐवजी सार्वजनिक वाहतुकीवर पैसा खर्च करावा, असं काही लोकांना वाटतं, तुम्ही कितपत सहमत आहात?

माझा आराखडा असा होता. मी सहमत आहे. पहिला मुद्दा: बस वाढल्या की ट्रॅफिक कमी होतं. दुसरा मुद्दा: बस वाढल्या की प्रदूषण कमी होतं. मिनिटं कशी वाटून घ्यावीत, कोणी सांगेल का?

निनाद_फतेहगंज

सोपं आहे. पाच मिनिटं विचार, तीस मिनिटं लेखन, पाच मिनिटं तपासणी. २५० शब्दांच्या खाली जायचं नाही आणि २९० च्या फार वर जायचं नाही, कारण जास्त लिहिलं म्हणून जास्त गुण मिळत नाहीत, उलट चुका वाढतात.

दुसरं, पूर्ण सहमत होऊच नकोस. अंशतः सहमत म्हण. एका परिच्छेदात बसची बाजू घ्यायची, दुसऱ्यात उड्डाणपुलाची. दोन्हीकडचे मुद्दे आले की लिहायला भरपूर मिळतं आणि परीक्षकालाही संतुलित वाटतं. प्रस्तावनेची आणि समारोपाची वाक्यं आधीच पाठ करून ठेव, फक्त विषयाचा शब्द बदलायचा. तिथे पाच-सहा मिनिटं वाचतात.

सुधाकर_कारेलीबाग

मानसीताई, चाळीस मिनिटं कुठून आली? आमच्या मुलीने अलकापुरीच्या सेंटरवर परीक्षा दिली, तिला निबंधाला वीसच मिनिटं होती आणि २०० ते ३०० शब्द. चार परिच्छेद लिहीत बसलीस तर वेळच संपेल. तिला तीनच परिच्छेद शिकवले होते.

मानसी_दांडियाबाजार

सुधाकरकाका, ती पीटीई असावी. त्यात निबंधाला वीस मिनिटंच असतात. आयईएलटीएसमध्ये रायटिंगचा एकूण एक तास असतो. त्यातली वीस मिनिटं टास्क १ ला आणि चाळीस टास्क २ ला द्या असं प्रश्नपत्रिकेवरच लिहिलेलं असतं.

सुधाकर_कारेलीबाग

बरोबर, पीटीईच होती ती. धाकट्याला आता आयईएलटीएस द्यायची आहे, म्हणून धागा वाचतोय.

राजमहालरोड_काकू

मानसी, मिनिटांच्या वाटणीकडे नंतर येऊ. तुझी अडचण आराखड्यात आहे, ती आधी बघू.

तुझे दोन मुद्दे एकाखाली एक लिही आणि प्रत्येकापुढे 'कारण' लिहून वाक्य पुरं कर. ट्रॅफिक कमी होतं, कारण रस्त्यावर गाड्या कमी येतात. प्रदूषण कमी होतं, कारण रस्त्यावर गाड्या कमी येतात. दोन्हींखाली एकच कारण आलं. म्हणजे तुझ्याकडे मुद्दा एकच आहे आणि तो तू दोन परिच्छेदांत वाटला आहेस. लोक गाडी सोडून बसमध्ये का बसतील, हे समजावण्यात पहिला परिच्छेद खर्च होतो. दुसऱ्यात पुन्हा तेच समजावायची वेळ येते आणि ते तर लिहून झालेलं असतं. म्हणून पेन थांबतं. इंग्रजी कमी पडलं म्हणून नव्हे.

माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी हेच आधी करायला लावते. दोन 'कारण' वेगळी निघाली तरच लिहायला घ्यायचं. एकच निघालं तर दुसरा मुद्दा बदलायचा, मग त्यात आणखी दोन मिनिटं गेली तरी चालतील.

आता दुसरी गोष्ट, आणि ही जास्त महाग पडते. प्रश्नात 'ऐवजी' आहे. पैसा एकीकडून काढून दुसरीकडे लावायचा की नाही, असं विचारलंय. तुझ्या आराखड्यात उड्डाणपूल कुठेच नाही. बस किती चांगली हे दोन परिच्छेद भरून सांगितलंस, तरी पुलावर पैसा का घालू नये याचं उत्तर येत नाही. अर्धा प्रश्न कोराच राहिला की पहिल्या निकषात, म्हणजे टास्क रिस्पॉन्समध्ये, बँड खाली येतो. मग भाषा कितीही सफाईदार असो. चार निकषांना सारखं वजन असतं, तेव्हा इथे गेलेला बँड बाकीच्या तिघांतून भरून काढणं कठीण असतं.

निनाद, २५० ते २९० बद्दल तू म्हणतोस ते बरोबर आहे. पाठ केलेल्या वाक्यांबद्दल मात्र मी सहमत नाही. तीच वाक्यं परीक्षक दिवसभर वाचत असतो, त्याला ती लगेच ओळखू येतात. आणि विषय आत घालताना सांधा दिसतोच: 'या आधुनिक युगात' अशी भारदस्त सुरुवात आणि लगेच पुढे साधी चुकलेली क्रियापदं.

निनाद_फतेहगंज

काकू, पाठांतराचं मान्य. पण अंशतः सहमत होण्यात काय वाईट आहे? 'कितपत' विचारलंय म्हणजे मधलं उत्तर चालतंच ना? माझ्या सरांनी सात बँडच्या मुलांना असंच लिहायला लावलं होतं.

राजमहालरोड_काकू

चालतं, नक्की चालतं. अडचण मधल्या उत्तराची नाही, ते परिच्छेदांत कसं बसवलं याची आहे. सात बँडच्या वर्णनात अपेक्षा अशी आहे की लेखकाची भूमिका सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्पष्ट राहावी. एक परिच्छेद बसचा, एक पुलाचा, आणि शेवटी 'म्हणून मला बस योग्य वाटते' असं लिहिलं, तर मधल्या दोन परिच्छेदांत तू कोणाच्या बाजूने आहेस ते वाचणाऱ्याला कळत नाही. समारोपातलं मत अचानक उगवल्यासारखं दिसतं. दोन्ही मतांची चर्चा करा असा प्रश्न असेल तेव्हा ही मांडणी शोभते. हा प्रश्न वेगळा आहे.

मानसी_दांडियाबाजार

काकू, कारणाची चाचणी करून पाहिली, लगेच पटली. पण मला खरंच काही ठिकाणी पूल हवेत असं वाटतं. रेल्वे फाटक असेल तिथे बस वाढवून काय होणार? बससुद्धा फाटकात उभीच राहणार. मग मी पूर्ण सहमत म्हणू की अंशतः?

राजमहालरोड_काकू

'बऱ्याच अंशी सहमत' म्हण, आणि फाटकाचा अपवाद प्रस्तावनेतच, मत सांगण्याच्या वाक्यात जोडून टाक. रेल्वे फाटकावर पूल लागतो हे खरं असलं तरी बाकी शहरात हा पैसा बसकडे जावा, असं. अर्ध्या वाक्यात काम होतं, आणि त्याला वेगळा परिच्छेद द्यावा लागत नाही.

आता तुझाच विषय घेऊन आराखडा करू. परीक्षेत कच्च्या कामाला कागद मिळतो, त्यावर एवढंच लिहायचं. मराठीत लिहिलं तरी हरकत नाही, तो कागद कोणी तपासत नाही.

पहिला परिच्छेद पुलाबद्दल. मुद्दा: उड्डाणपुलाचा दिलासा थोडेच दिवस टिकतो. कारण: रस्ता मोकळा झाला की जे लोक तो रस्ता किंवा ती वेळ टाळत होते, तेही तिथूनच जाऊ लागतात. पुढे काय होतं: पुलावरून उतरलेल्या गाड्या पुढच्या सिग्नलला साठतात, कारण तिथला रस्ता काही रुंद झालेला नसतो. उदाहरण: कोणत्याही वाढत्या शहरातला असा चौक. परिणाम: तेवढाच पैसा पुन्हा पुढच्या चौकावर घालावा लागतो.

दुसरा परिच्छेद बसबद्दल. मुद्दा: बसवर घातलेला पैसा त्यांच्यापर्यंत पोहोचतो ज्यांना पुलाचा काही उपयोग नाही. कारण: विद्यार्थी, म्हातारी माणसं, कमी पगारावर काम करणारे, यांच्याकडे गाडीच नसते. पुढे काय होतं: दर दहा मिनिटांनी बस येऊ लागली की स्कूटरवालेही ती घरी ठेवायला तयार होतात, कारण तेव्हा वाट पाहण्याचा वेळ हिशेबात राहत नाही. उदाहरण: अहमदाबादमध्ये २००९ पासून बसला रस्त्याच्या मधोमध वेगळी मार्गिका आहे, त्यामुळे तिला बाकी गाड्यांच्या गर्दीत उभं राहावं लागत नाही. परिणाम: एकाच खर्चात गाडी असलेले आणि नसलेले दोघेही लवकर पोहोचतात.

बघ, एकाचं कारण लोकांच्या सवयीत आहे आणि दुसऱ्याचं पैसा कोणापर्यंत पोहोचतो यात. दोन्ही मिळून 'ऐवजी'चं उत्तर देतात: तिकडे का नको आणि इकडे का हवा. पाच-पाच नोंदी म्हणजे पाच-पाच वाक्यं, प्रत्येक परिच्छेदाचे ९० ते १०० शब्द सहज होतात. प्रस्तावना दोन वाक्यांची, साधारण ४५ शब्द. समारोपही दोन वाक्यांचा, ३५ च्या आसपास. बेरीज २७० च्या जवळ जाते.

शेवटची नोंद, ती 'परिणाम'वाली, कागदावर आधी लिहून ठेवायची. परिच्छेद कुठे जाऊन थांबणार हे माहीत असलं की मध्ये भरकटायला होत नाही.

निनाद_फतेहगंज

हे चांगलं आहे. पण उदाहरण आपल्याच शहराचं द्यावं ना? गेंडा सर्कल ते मनीषा चोकडी एवढा मोठा पूल आपल्याकडे आहे, तोच लिहिला तर खरं आणि ठोस वाटेल.

राजमहालरोड_काकू

लिहू शकतेस, फक्त परीक्षकाला गेंडा सर्कल कुठे आहे हे ठाऊक नसतं. नाव टाकलं की 'पश्चिम भारतातल्या माझ्या शहरात' वगैरे ओळख करून द्यावी लागते, तिच्यात पंधरा-वीस शब्द जातात आणि मुद्दा पुढे सरकत नाही. 'माझ्या शहरात काही किलोमीटर लांबीचा उड्डाणपूल आहे' एवढं म्हणून लगेच तिथे काय घडतं ते लिहावं. उदाहरणातली माहिती परीक्षक पडताळून पाहत नाही. ते उदाहरण वरच्या वाक्याला आधार देतं की नाही, एवढंच बघतो.

टोरोंटोचा_अमेय

मी मूळचा रावपुऱ्याचा. माझी जनरल ट्रेनिंग होती, कॅनडाच्या पीआरसाठी. टास्क २ दोन्ही प्रकारांत साधारण सारखाच, चाळीस मिनिटं आणि किमान २५० शब्द. टास्क १ मध्ये मात्र आम्हाला तक्त्याऐवजी पत्र असतं. सीएलबी ९ साठी रायटिंगला ७ लागतात, लिसनिंगला ८.

माझा सल्ला एकच: टास्क २ आधी लिही. रायटिंगच्या गुणांत त्याचं वजन टास्क १ च्या दुप्पट असतं. आणि संगणकावर दोन्ही टास्कसाठी एकच साठ मिनिटांचं घड्याळ चालतं, चाळीस मिनिटं झाली म्हणून कोणी थांबवत नाही. ताज्या डोक्याने मोठं काम उरकलं की पत्र आरामात होतं. टायपिंग चांगलं असेल तर संगणकावरच दे, शब्द किती झाले ते स्क्रीनवर खाली दिसत राहतं. स्पेलिंगखाली लाल रेघ मात्र येत नाही.

सुधाकर_कारेलीबाग

धाकट्याच्या क्लासमध्ये टास्क १ च आधी करायला सांगतात. तक्त्याचं वर्णन सोपं असतं, हात सैल होतो म्हणे. आता कोणाचं ऐकायचं?

राजमहालरोड_काकू

सुधाकरभाऊ, दोन्ही क्रमांनी लिहून सात-आठ बँड आणणारी मुलं मी पाहिली आहेत. टास्क २ आधी घेणाऱ्यांचा धोका असा की घड्याळ एकच असल्यामुळे निबंध पन्नास मिनिटांवर जातो आणि तक्त्याला दहा उरतात. टास्क १ आधी घेणाऱ्यांचं उलट होतं, १५० शब्दांऐवजी २२० लिहून बसतात. मुलाकडून घरी दोन्ही क्रमांनी पूर्ण तासाचा सराव करून घ्या आणि कुठल्या क्रमात दुसरं काम कमी बिघडतं ते बघा.

टोरोंटोचा_अमेय

काकू, माझं मत तरीही टास्क २ आधी हेच. वजन दुप्पट असताना थकलेल्या डोक्याने ते का करायचं?

राजमहालरोड_काकू

थकव्याचा मुद्दा रास्त आहे. ज्याला चाळीस मिनिटांवर हात उचलता येतो त्याने तसंच करावं. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना तो उचलता येत नाही, म्हणून मी सरसकट सांगत नाही.

मानसी_दांडियाबाजार

काकू, आज तुमच्या आराखड्याने लिहिलं. घड्याळ लावून. आराखड्याला सात मिनिटं दिली. प्रस्तावनेला चार, मधल्या परिच्छेदांना अकरा-अकरा, समारोपाला तीन आणि तपासायला चार धरली होती, म्हणजे बरोबर चाळीस. दुसरा परिच्छेद या वेळी अडला नाही.

दोन शंका आहेत. प्रस्तावनेत दोन्ही कारणं सांगायची का, की फक्त मत? आणि चार मिनिटांत तपासायचं तरी काय काय?

राजमहालरोड_काकू

प्रस्तावनेच्या पहिल्या वाक्यात प्रश्नाचा आशय आपल्या शब्दांत सांगायचा. प्रश्नातलं वाक्य जसंच्या तसं उतरवलं तर ते शब्द तुझे म्हणून धरत नाहीत. दुसऱ्या वाक्यात मत. कारणं त्यातच चार-पाच शब्दांत सुचवलीस तर चांगलं, पण मग क्रम पाळायचा: आधी पूल, मग बस. प्रस्तावनेत बस आधी आणि परिच्छेदांत पूल आधी असं झालं की वाचणारा अडखळतो. कारणं नाही दिलीस तरी चालतं, मत मात्र तिथेच कळलं पाहिजे.

तपासताना सगळा निबंध वाचत बसू नकोस, चार मिनिटांत तो नीट वाचून होत नाही. आधी प्रस्तावनेतलं मताचं वाक्य आणि समारोपातलं मताचं वाक्य पाठोपाठ वाच. सुरुवातीला 'बऱ्याच अंशी' आणि शेवटी 'पूर्णपणे' असं झालंय का, ते बघ. लिहिताना जोर चढतो आणि भूमिका नकळत सरकते, हे फार वेळा होतं. समारोपात नवं कारण घुसलं असेल, उदाहरणार्थ प्रदूषण, तर ते सरळ काढून टाक.

उरलेल्या वेळात फक्त क्रियापदं. आपल्या मुलांच्या दोन चुका ठरलेल्या: एकवचनी कर्त्यानंतर 'एस' राहतो, आणि 'अ', 'द' गळतात, कारण मराठीत ते नाहीतच. 'गव्हर्नमेंट' शब्द तुझ्या निबंधात सात-आठ वेळा येणार, प्रत्येक ठिकाणी त्याच्या आधी काय आहे ते बोट ठेवून बघ.

निनाद_फतेहगंज

काकू, एक राहिलंच. विरोधी बाजूला एक वाक्य तरी दुसऱ्या परिच्छेदात द्यावं की नाही? सर म्हणतात द्यावं, म्हणजे विचार खोल वाटतो.

राजमहालरोड_काकू

द्यायचं असेल तर ते खोडण्यासाठी दे. 'काही म्हणतील की बस रिकाम्याच धावतात' असं लिहिलं, तर त्याच दमात 'त्या रिकाम्या धावतात कारण तासाला एकच येते' हे आलं पाहिजे. खोडायला जागा नसेल तर ते वाक्य घालू नये. तुझ्या सरांचं आणि माझं इथे एकमत व्हायचं नाही, कारण मी २७० शब्दांत तिसऱ्या मुद्द्याला जागा देत नाही. त्यांच्या पद्धतीने लिहून बघ आणि त्या परिच्छेदात तुझा मूळ मुद्दा किती वाक्यांचा उरला ते मोज. तीनपेक्षा कमी उरला तर विरोधी वाक्य काढ.

मानसी_दांडियाबाजार

पुढचा विषय मिळालाय: विद्यापीठांनी नोकरीला उपयोगी पडतील असेच विषय शिकवावेत का. पहिला मुद्दा, बाकीचे विषय बंद झाले तर संशोधन थांबेल. दुसरा, आज ज्या कामाला मागणी आहे त्याला पदवी हातात येईपर्यंत राहीलच असं नाही. दोन 'कारण' वेगळी आली. काकू, यात 'असेच' या शब्दाला उत्तर मिळतंय ना?

राजमहालरोड_काकू

दुसऱ्यात मिळतंय. पहिल्यात अर्धवट. संशोधन थांबल्याने नोकऱ्यांचंच काय नुकसान होतं, ते 'परिणाम'च्या नोंदीत लिही, म्हणजे तो परिच्छेदही प्रश्नाला भिडेल. मग लिहून इथे टाक, बघते.